मागचा वाडा तसाच ठेवून फक्त चेहरा उजळायचा: स्नॅपसीडमधली पद्धत

इंदूरच्या राजवाड्यासमोर काढलेले कितीतरी फोटो एकाच तऱ्हेने बिघडतात. मागे सात मजली वाडा नीट येतो, आकाश नीट येतं, आणि ज्यांच्यासाठी फोटो काढला त्यांचा चेहरा मात्र काळवंडलेला असतो. याचं कारण फोनच्या मोजमापात आहे. फ्रेममध्ये उजळ आकाश मोठं असलं की फोन त्या आकाशाला सांभाळून एकूण उजेड ठरवतो. चेहरा सावलीत असेल, तर त्याच्या वाट्याला मग कमी उजेड येतो.

अशा वेळी बहुतेक जण पूर्ण फोटोचा ब्राइटनेस वाढवतात. चेहरा थोडा दिसू लागतो, पण आकाशाचा निळा रंग पांढरा पडतो आणि वाड्याच्या खालच्या दगडी मजल्यांवरचं कोरीव काम फिकट होतं. आकाश एकदा पूर्ण पांढरं झालं आणि फोटो तसाच सेव्ह झाला, की त्यातले ढग परत आणता येत नाहीत. म्हणून चेहरा वेगळा निवडायचा आणि उजेड तेवढ्याच भागात वाढवायचा. या निवडलेल्या भागाला मास्क म्हणतात.

इथे स्नॅपसीड घेतलं आहे, कारण ते फुकट आहे आणि मास्कसाठी त्यात वेगळे पैसे पडत नाहीत. बटणांची नावं स्क्रीनवर दिसतात तशीच दिली आहेत. २०२५ मध्ये आयफोनवर या ॲपची नवी आवृत्ती आली आणि तिची मांडणी बदलली. खालच्या पायऱ्या जुन्या मांडणीप्रमाणे आहेत. तुमच्याकडे एखादं बटण दुसऱ्या कोपऱ्यात असेल, तर ते नावाने शोधा.

हाताशी घेतलेला फोटो

उदाहरणासाठी एकच फोटो शेवटपर्यंत ठेवू. दुपार उतरलेली आहे. एक मावशी राजवाड्याच्या मोठ्या लाकडी दरवाज्यासमोर हात जोडून उभ्या आहेत. अंगावर जरीकाठाची महेश्वरी साडी आहे, पदर खांद्यावर आहे, कानात सोन्याच्या कुड्या आहेत. फोटो उभा आहे आणि वरच्या बाजूला आकाशाचा उजळ पट्टा आला आहे. चेहरा सावलीत आहे, पण डोळे, नाक आणि कपाळावरचं कुंकू ओळखू येतं.

ते ओळखू येतं का, हे सगळ्यात आधी पाहायचं. फोटो दोन बोटांनी मोठा करा आणि डोळ्यांच्या खोबणीत बघा. पापणीची रेघ आणि बुबुळ वेगवेगळं दिसत असेल, तर काम होण्यासारखं आहे. तिथे नुसता सपाट काळा डाग असेल, तर त्या भागात कॅमेऱ्याने काही टिपलेलंच नाही. उजेड वाढवल्यावर तिथून फक्त राखाडी रंग आणि दाणे वर येतील.

दुसरी गोष्ट म्हणजे मूळ फोटोच घ्या. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून आलेली प्रत लहान करून दाबलेली असते. हा दाब अंधाऱ्या भागात जास्त जाणवतो, कारण तिथले बारीक फरक आधी पुसले जातात. अशा प्रतीवर चेहरा उजळला की गालावर चौकोनी ठिपके दिसू लागतात. ज्यांच्या फोनने फोटो काढला, त्यांच्याकडून तो डॉक्युमेंट म्हणून मागवून घ्या.

कातरायचं किंवा सरळ करायचं असेल, तर ते आत्ताच उरकून घ्या. पूर्ण फोटोला काही हवं असेल तेही आधीच करा. चेहरा शेवटी घ्यायचा, कारण चेहरा किती उजळायचा हे मागच्या उजेडावरून ठरतं आणि मागचं नंतर बदललं की सगळा हिशेब पुन्हा करावा लागतो.

सोपा मार्ग आणि तो इथे का अडतो

फोटो उघडून `Tools` मध्ये जा आणि `Selective` निवडा. मावशींच्या गालावर एकदा बोट टेकवा. तिथे एक निळा ठिपका उमटेल आणि त्यात `B` हे अक्षर असेल, म्हणजे ब्राइटनेस. आता दोन बोटं स्क्रीनवर ठेवून चिमटीसारखी जवळ-लांब करा. वर्तुळ लहान-मोठं होईल आणि जो भाग निवडला जातो आहे तो लाल दिसेल. हा लाल रंग फक्त दाखवण्यापुरता असतो, फोटोत उतरत नाही. वर्तुळ चेहऱ्यापेक्षा किंचितच मोठं ठेवा. मग एक बोट उजवीकडे सरकवलं की आकडा वाढतो, डावीकडे सरकवलं की कमी होतो. बोट वर-खाली सरकवलं तर ब्राइटनेसच्या जागी कॉन्ट्रास्ट, सॅच्युरेशन किंवा स्ट्रक्चर निवडता येतं.

मागे चुन्याची पांढरी भिंत, हिरवं झाड किंवा निळं आकाश असेल, तर काम इथेच संपतं. ठिपका गालावर, ब्राइटनेस +२० ते +३५ च्या दरम्यान, सॅच्युरेशन +५, आणि बरोबरची खूण दाबायची. एका मिनिटाचं काम आहे.

राजवाड्याच्या दरवाज्यासमोर मात्र हाच ठिपका दगा देतो. हा ठिपका वर्तुळातल्या सगळ्या भागावर सारखं काम करत नाही. ज्या जागी तुम्ही बोट टेकवलं, तिथला रंग आणि उजेड तो वाचतो आणि वर्तुळाच्या आत त्याच्याशी जुळणाऱ्या जागा शोधून त्यांनाच बदलतो. ही युक्ती निक सॉफ्टवेअर या कंपनीची. स्नॅपसीडही तिनेच बनवलं आणि २०१२ मध्ये ती कंपनी गूगलने घेतली. युक्ती हुशार आहे, पण तिला चेहरा आणि लाकूड यातला फरक कळत नाही. तिला फक्त रंग कळतो. सावलीतली गव्हाळ त्वचा आणि जुन्या दरवाज्याचं तपकिरी लाकूड फोनच्या दृष्टीने जवळजवळ एकच. साडीची जर आणि कानातलं सोनंही त्याच घरातलं. म्हणून चेहऱ्याबरोबर डोक्यामागच्या फळ्याही उजळतात आणि केसांभोवती एक फिकट गोल तयार होतो. तो गोल दिसला, की फोटो बदललेला आहे हे पाहणाऱ्याला लगेच कळतं.

यावर पहिला उपाय `Selective` मध्येच आहे, तो म्हणजे राखणीचा ठिपका. खालचं अधिक चिन्ह दाबा आणि दुसरा ठिपका कानाशेजारच्या लाकडावर टेकवा. त्याचं वर्तुळही लहान करा, पण आकडा शून्यच राहू द्या. शून्याचा ठिपका ॲपला सांगतो की या रंगाचं, या जागेजवळचं जे आहे ते जसंच्या तसं ठेव. असाच एक ठिपका डोक्याच्या दुसऱ्या बाजूला आणि एक साडीच्या काठावर लावा. एका वेळी आठ ठिपके लावता येतात, पण इथे चेहऱ्याचा एक आणि राखणीचे तीन पुरतात. ठिपका चुकीच्या जागी पडला तर तो दाबून धरा आणि ओढा. ओढताना भिंग उघडतं, त्यामुळे बोटाखाली काय आहे ते दिसतं.

राखणीच्या ठिपक्यांनी गळती बरीच कमी होते, पण पूर्ण थांबत नाही. मावशींच्या फोटोत उजव्या कानामागची फळी अजूनही थोडी उजळ राहते, कारण तिथे लाकूड आणि कान यांच्यामध्ये केसांची बारीकशी बट आहे आणि दोन्ही ठिपक्यांची हद्द तिथेच एकमेकांत मिसळते. ब्राइटनेस +१५ असेल तर हे चालून जातं. आपल्याला जास्त हवा आहे. म्हणून हे सगळं रद्द करून हाताने मास्क रंगवायचा. आमच्या मते मागचा रंग त्वचेच्या जवळचा असेल, तेव्हा सुरुवातच इथून करावी. यात मेहनत थोडी जास्त आहे, पण काय बदलेल आणि काय नाही हे पूर्णपणे तुमच्या बोटावर असतं.

आधी पूर्ण फोटो उजळा, मग तो झाका

ही पद्धत नवख्यांना उलटी वाटते. आधी बदल पूर्ण फोटोवर करायचा, मग तो सगळा झाकायचा आणि फक्त चेहऱ्याच्या जागी उघडायचा.

`Tools` मधून `Tune Image` उघडा. बोट वर-खाली सरकवलं की यादी येते. या पायरीत नजर फक्त चेहऱ्यावर ठेवायची. आकाश पांढरं पडेल, वाडा फिका होईल, तिकडे बघू नका, कारण तो भाग पुढच्या पायरीत मूळ स्थितीत परत येणार आहे. मावशींच्या फोटोसाठी हे आकडे बसतात:

`Brightness` +२०
`Shadows` +२५
`Highlights` −१०
`Warmth` +५

प्रत्येक आकड्याला कारण आहे. नुसता `Brightness` +४५ केला तर कपाळ आणि नाकाचा शेंडाही तितकाच वर जातो. ते आधीच थोडे उजळ असतात, म्हणून तिथे पांढरट चकाकी येते. `Shadows` मुख्यतः अंधारलेल्या जागा उचलतो, म्हणजे डोळ्यांच्या खोबणी, हनुवटीखालचा भाग, नाकाची सावलीतली बाजू. दोन्ही थोडेथोडे वाढवले की चेहऱ्याचा घाट टिकतो. `Shadows` +४० च्या पुढे नेला तर नाकाची आणि गालाची सावली निघून जाते आणि चेहरा थाळीसारखा सपाट होतो. `Highlights` थोडा उणे केला की कपाळावरचा घाम चमकत नाही. आणि `Warmth` यासाठी, की सावलीतल्या चेहऱ्यावर पडणारा उजेड मोकळ्या आकाशातून येतो आणि तो निळसर असतो. अंधारात हा निळेपणा जाणवत नाही, पण उजळल्यावर गाल राखट दिसू लागतात. +५ ने तो जातो. +१५ केलं तर मावशींना कावीळ झाल्यासारखं वाटेल.

`Ambiance` ला या कामात हात लावू नका. तो एकाच वेळी उजेड, रंग आणि कॉन्ट्रास्ट ओढतो आणि त्वचेवर त्याचा परिणाम आवरणं अवघड जातं.

बरोबरची खूण दाबून बाहेर या. आता वरच्या बाजूला थरांसारखं दिसणारं चिन्ह आहे. ते दाबून `View edits` निवडा. केलेल्या बदलांची यादी दिसेल. त्यातल्या `Tune Image` वर टेकवा, शेजारी बाण उघडेल, तो दाबला की तीन चिन्हं येतात. मधलं ब्रशचं चिन्ह निवडा.

फोटो लगेच पुन्हा पहिल्यासारखा काळवंडलेला दिसेल. घाबरू नका, बदल पुसला गेलेला नाही, फक्त झाकला गेला आहे. आता जिथे बोट फिरवाल तिथे तो उघडेल. खाली `Tune Image` या नावासमोर एक आकडा आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बाण आहेत. हा आकडा म्हणजे बदल किती टक्के उघडायचा ते, आणि त्याच्या पायऱ्या ०, २५, ५०, ७५ आणि १०० अशा आहेत. शेजारचं डोळ्याचं चिन्ह चालू ठेवा, म्हणजे रंगवलेला भाग लाल दिसेल.

ब्रश लहान-मोठा करण्याची पट्टी इथे नाही. ब्रशचा ठसा स्क्रीनवर नेहमी तेवढाच राहतो. म्हणून बारीक काम हवं असेल तेव्हा फोटो मोठा करायचा. चेहरा पूर्ण स्क्रीनभर आला की ब्रश गालाच्या तुकड्याएवढा होतो, आणि आणखी मोठा केला की पापणीएवढा. मोठा केलेला फोटो सरकवण्यासाठी दोन बोटं वापरा. एक बोट लागलं की रंगवायला सुरुवात होते आणि चुकून पदरावर पट्टा उमटतो. बोटाने नेम साधत नसेल, तर बाजारात मिळणारा साधा टच पेन घ्या. कानाच्या पाळीजवळ त्याचा खरा उपयोग होतो.

रंगवण्याचा क्रम

आकडा १०० वर ठेवून चेहऱ्याच्या मध्यापासून सुरू करा. कपाळ, दोन्ही गाल, नाक, ओठ, हनुवटी. बोट न उचलता सावकाश फिरवा आणि मध्ये फटी राहू देऊ नका. लाल रंगात बारीक फट दिसली तर ती नंतर चेहऱ्यावर काळ्या ओरखड्यासारखी दिसते. केसांच्या रेषेपर्यंत मात्र जाऊ नका. कडेला साधारण एका भुवईच्या जाडीएवढी जागा सोडा.

आता आकडा ५० करा आणि ही सोडलेली कड भरा. केसांची मुळं, कानशिलं, जबड्याची रेघ. असं केलं की उजेड चेहऱ्याच्या मध्यात पूर्ण आणि कडेला अर्धा राहतो आणि सीमा दिसत नाही. काळ्या केसांवर १०० चा ब्रश गेला तर केस राखाडी दिसतात, आणि लाकडावर गेला तर तोच फिकट गोल पुन्हा येतो. कुठे बाहेर गेलंच, तर आकडा ० करा आणि त्यावरून फिरवा. शून्य म्हणजे खोडरबर.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात, आणि चेहरा चिकटवल्यासारखा दिसतो तो त्याचमुळे. उजेड कधी एकट्या चेहऱ्यावर पडत नाही. मावशींचा गळा, कान आणि छातीशी जोडलेले हात त्याच सावलीत आहेत. चेहरा उजळ आणि हात काळसर राहिले, तर दोन वेगळ्या माणसांचे अवयव जोडल्यासारखं वाटतं. म्हणून गळ्यावर आणि कानांवर ५०, आणि हातांवर २५ ने एक हात फिरवा. हनुवटीच्या अगदी खाली २५ च ठेवा, कारण तिथे सावली असायलाच हवी. ती गेली की मान आणि चेहरा एकच पट्टा होतो. बांगड्या आणि जरीचा काठ वगळा. सोनं आधीच चमकतं, त्यावर उजेड वाढवला की पांढरा ठिपका उरतो.

चष्मा असेल तर काचेवरून सरळ ५० फिरवा, फ्रेमच्या कडा टाळण्याचा खटाटोप करू नका. काच वगळून फक्त गाल उजळले तर डोळ्यांभोवती दोन काळे गोल राहतात.

कुंकवावर मात्र नजर ठेवा. लाल रंग उजळला की केशरीकडे झुकतो. तसं झालं तर फोटो मोठा करून कुंकवावर ० ने एकदा टेकवा, मूळ लाल परत येईल.

सगळं झालं की डोळ्याचं चिन्ह बंद करा, बरोबरची खूण दाबा आणि यादीतून मागे या.

झालंय की जास्त झालंय

मुख्य स्क्रीनवर फोटोवर बोट दाबून धरलं की मूळ फोटो दिसतो आणि सोडलं की बदललेला. हे करताना चेहऱ्याकडे न बघता दरवाज्याकडे बघा. लाकडात कुठे हालचाल दिसली, म्हणजे काही उजळ-काळं झालं, तर तिथे मास्क गळला आहे. पुन्हा `View edits` मध्ये जाऊन तेवढी जागा ० ने पुसा. मास्क साठवलेला असतो, पहिल्यापासून रंगवावं लागत नाही.

मग फोटो बोटाच्या पेराएवढा लहान करून बघा. त्या आकारात बारकावे हरवतात आणि फक्त उजेडाचं वाटप उरतं. नजर आपोआप चेहऱ्याकडे गेली तर ठीक. चेहरा दिव्यासारखा पेटलेला वाटला तर जास्त झालं आहे. तेव्हा मास्कला हात न लावता यादीतल्या `Tune Image` मध्ये परत जा आणि `Brightness` +२० वरून +१३ किंवा +१४ वर आणा. आकडे कमी केले तरी रंगवलेला भाग तसाच राहतो, हा या पद्धतीचा मोठा फायदा आहे.

स्क्रीनही फसवते. राजवाड्यासमोर उन्हात उभं राहून एडिट केलं तर फोनने आपली स्क्रीन जोरात केलेली असते, आणि रात्री अंथरुणात केलं तर मंद आणि पिवळसर. रात्री केलेले चेहरे सकाळी हमखास जास्त गोरे आणि निळसर निघतात. ऑटो ब्राइटनेस आणि रात्रीचा पिवळा मोड बंद करा, स्क्रीन अर्ध्याच्या थोडी वर ठेवा आणि घरात बसून काम करा.

गोरेपणाचं स्पष्ट बोलायला हवं. इथे आपण उजेड वाढवतो, वर्ण बदलत नाही. मावशी सावळ्या असतील तर उजळल्यावरही सावळ्याच दिसल्या पाहिजेत. ताळा घ्यायचा असेल तर त्याच दिवशी सावलीबाहेर काढलेला त्यांचा दुसरा फोटो शेजारी ठेवा. त्यातल्या गालापेक्षा आपला गाल उजळ निघाला तर परत मागे या. खरं म्हणजे त्या गालापेक्षा किंचित गडदच ठेवा, कारण या फोटोत त्या खरोखर सावलीत उभ्या आहेत आणि मागचं आकाश ते सांगतं आहे.

चेहरा उजळूनही धुरकट वाटत असेल, तर काळ्या जागा वर आल्यामुळे कॉन्ट्रास्ट पडला आहे. `Selective` उघडून गालावर एक लहान ठिपका लावा आणि कॉन्ट्रास्ट +५ ते +८ करा. इतक्या कमी आकड्याची लाकडावर झालेली गळती डोळ्याला दिसत नाही. `Structure` वाढवू नका. तो सुरकुत्या, छिद्रं आणि दाणे सगळंच ठळक करतो, आणि मावशींना ते आवडणार नाही.

दाणे आले तर

दुपारच्या फोटोत हा त्रास कमी असतो. पण तोच प्रयोग रात्री सराफ्यात काढलेल्या फोटोवर केला, तर गालावर रंगीत दाणे दिसू लागतात. कमी उजेडात फोन सेन्सरचा सिग्नल वाढवून घेतो, त्याबरोबर हे दाणेही वाढतात, आणि आपण `Shadows` वाढवला की अंधारात लपलेले ते दाणे वर येतात. तिथे `Shadows` +१० च्या आत ठेवा आणि बाकीचं काम `Brightness` कडून घ्या. दुकानांचे दिवे पिवळे असतात, त्यामुळे `Warmth` वाढवायचा नाही, उलट −५ ते −८ करायचा. मास्कमुळे फक्त चेहऱ्याचा पिवळेपणा उतरतो आणि मागच्या दिव्यांचा रंग तसाच राहतो. हात आणि गळा याही वेळी विसरू नका, कारण पिवळ्या हातांवर साधा चेहरा लगेच वेगळा पडतो.

एकाच चेहऱ्याच्या एका बाजूला दिव्याचा झोत आणि दुसरी बाजू अंधारात असेल, तर दोन्ही बाजू सारख्या करू नका. अंधाऱ्या बाजूवर ५० आणि उजळ बाजूवर २५ पुरे. दिशा नसलेला उजेड खोटा वाटतो.

सेव्ह करताना

ॲपच्या सेटिंगमध्ये आधी एकदा जा. `Format and quality` मध्ये जेपीजी ९५ किंवा १०० टक्के निवडा आणि `Image sizing` मध्ये आकार न बदलण्याचा पर्याय ठेवा. ८० टक्क्यांवर ठेवलं तर आपण जपून उचललेल्या सावलीतच दाबाचे ठिपके येतात. सेव्ह करताना वेगळी प्रत बनवणारा पर्याय घ्या, म्हणजे मूळ फोटो गॅलरीत तसाच राहतो. यादीतले बदल पुन्हा उघडायची शक्यता असेल, तर काम पूर्ण पटेपर्यंत ॲपमधून बाहेर पडू नका. जेपीजी म्हणून बाहेर काढलेल्या प्रतीत मास्क वेगळा उरत नाही, तो फोटोत मुरलेला असतो.

आणि मावशींना पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फ्रेम करून भिंतीवर लावायचा असेल तर प्रिंटवाल्याकडेही हीच फाइल द्या. कागद स्क्रीनपेक्षा गडद दिसतो, त्यामुळे छापायच्या प्रतीसाठी `Tune Image` चा `Brightness` आणखी +४ किंवा +५ करून वेगळी प्रत काढा आणि आधी एक लहान प्रिंट मागवून बघा.